करंटची तार

सिदू धनगराला नऊ वर्षं झाली होती बिजलीच्या कामात, आणि अजून तो कागदोपत्री कुणीच नव्हता. मोमिनाबादेत, म्हणजे आपल्या अंबाजोगाईत, वायर ओढायची म्हटलं की लोक सिदूचं नाव घ्यायचे. पण सरकारदरबारी त्याची गणती शिडी धरणाऱ्यात. निजामाच्या मुलखात तेव्हा दिवे मोजकेच होते, आणि दिव्यांपेक्षा कायदे जास्त. काम घ्यायचं तर ठेकेदाराकडे लायसन हवं. ठेकेदारानं कामावर नजर ठेवायला इम्तिहान पास झालेला सुपरवायझर ठेवायला हवा. तार ओढणाऱ्याकडे वायरमनचं परमिट हवं. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्यानं परमिटवाल्याच्या नजरेखाली हात चालवायचा, एकट्यानं पकडीला हातसुद्धा लावायचा नाही.

ते परमिट सिदूला हवं होतं. इतकं हवं होतं की झोपेत तो हैदराबादच्या साहेबांना उत्तरं द्यायचा, आणि त्याची बायको सारजाबाई त्याला कोपरानं ढोसून गप्प करायची. परमिट देणाऱ्या मंडळापुढं उभं राहून दाखवायचं काय, हे त्याला तोंडपाठ होतं. तारेचा सांधा मारून दाखवायचा. बटन करंटच्याच तारेवर बसवायचं, परतीच्या नाही. अर्थिंग कसं करतात, मेगर लावून तारेची गळती कशी पाहतात, शॉक बसलेल्या माणसाला आधी करंट तोडून मग कसं सोडवतात आणि श्वास कसा चालू करतात, हे सगळं. पण तिथवर पोचायचं तर आधी ठेकेदाराचा दाखला लागत होता, की या माणसानं माझ्याकडे इतकी वर्षं देखरेखीखाली काम केलं आहे. इथंच घोडं अडलं होतं.

ठेकेदार विठ्ठलराव दाखला देत नव्हते. नाही असंही म्हणत नव्हते. "देतो रे, पळून चाललोय का मी?" असं म्हणायचे आणि पान लावायला घ्यायचे. कारण उघड होतं. सिदूला परमिट मिळालं की तो स्वतःच्या नावावर दुसरीकडं कामाला लागणार, आणि मग यांच्या शिड्या कोण उचलणार? असली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. हाताखालच्याला वर चढू द्यायचं म्हटलं की यांना खालून कुणी शिडी काढून घेतल्यासारखं होतं.

सुपरवायझर होते अर्जुनराव. तब्येतीनं काटकुळे, बोलायला कडू, पण कामाला चोख. त्यांचा एक रिवाज होता. काम पुरं झालं की सगळ्यांना बाहेर घालवायचे आणि तपासणी एकट्यानं करायचे. मेगर त्यांच्या पेटीत, पेटीची किल्ली त्यांच्या जानव्याला. सिदू दारातून बघायचा. बघून बघून शिकला. पण नऊ वर्षांत त्याच्या हातात तपासणीचा दिवा कुणी दिला नाही, आणि त्यानंही मागितला नाही. तपासणी म्हणजे मोठ्या माणसाचं काम, आपण तार ओढावी, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

त्या साली दुसरी मोठी लढाई चालू होती. कापसाला तेजी आली, आणि गावाबाहेरच्या जिनिंगवाल्या शेठनं स्वतःचं इंजीन आणि डायनामो आणून बसवला. सरकी काढायच्या शेडमध्ये दिवे लावायचे, आणि दिवे लागतील त्या दिवशी तालुकदार साहेबांना, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरला, बोलवायचं, असा त्याचा बेत होता. काम विठ्ठलरावांना मिळालं. ते निम्म्यावर आलं आणि अर्जुनराव हिवतापानं अंथरुणाला खिळले.

सिदू त्यांना भेटायला गेला तेव्हा ते गोधडीत थरथरत होते.

"मी आल्याबिगर करंट सोडू नका," ते म्हणाले. "विठ्ठलरावाला सांग. माझं नाव सांगून सांग."

सिदूनं सांगितलं. विठ्ठलराव हसले.

"तालुकदार साहेब काय अर्जुनरावाचा ताप उतरायची वाट बघत बसणार हायेत? तू हायेस की. एकला कर. दिवे लागले की दुसऱ्या दिवशी दाखला तुझ्या हातात. माझ्या लेकराची आण घेतो."

आता सांगा, माणसानं काय करावं? ज्या दारावर नऊ वर्षं डोकं आपटलं ते दार आपोआप किलकिलं झालं होतं. सिदूनं एकदा मान खाली घातली आणि हो म्हणाला. एकट्यानं काम करायला मिळतंय याचा त्याला आनंदही झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. सारजाबाईनं त्या दिवशी गूळ घालून भात केला.

लढाईमुळं रंगीत तार बाजारात नव्हती. एरवी लाल ती करंटची आणि काळी ती परतीची, डोळे झाकून लावावी. आता दोन्ही काळ्याच. सिदू मूळचा मेंढपाळाच्या घरातला. जत्रेत कळप मिसळू नयेत म्हणून त्याचा बाप मेंढरांच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढायचा. त्यानंही तेच केलं. करंटच्या तारेला दोन्ही टोकांशी गेरू फासला, आणि आपल्या डोक्यावर खूश झाला.

तालुकदार येणार म्हणून शेठनं शेडला चुना मारायला माणसं लावली. त्यांनी भिंतीबरोबर भिंतीतून लोंबणारी तारांची टोकंही रंगवून काढली. सिदू दुसऱ्या दिवशी होल्डर बसवायला आला, तर शेवटच्या कोपऱ्यातली दोन्ही टोकं पांढरी फटक. त्यानं फडक्यानं पुसलं. चुन्याच्या पाण्यात गेरू विरघळून दोन्हीकडं पसरला होता. एका तारेवर जरा जास्त तांबूस दिसला. तीच करंटची, असं त्यानं धरलं आणि बटन तिच्यावर बसवलं.

ती परतीची निघाली.

आता यातली मेख अशी की दिवा दोन्ही तऱ्हांनी लागतो. बटन दाबलं की पेटतो, वर केलं की विझतो. बघणाऱ्याला काही कळत नाही. फरक एवढाच, की बटन चुकीच्या तारेवर असलं तर दिवा विझल्यावरही होल्डरात करंट जिवंत राहतो, आणि कुणी ओल्या हातानं स्पर्श करायची वाट बघत बसतो.

दिवे लागले. तालुकदार साहेबांनी टाळ्या वाजवल्या. शेठनं पेढे वाटले. विठ्ठलराव दाखल्याचं म्हणाले, "उद्या."

शेडची झाडलोट भामाबाई करायची. नवरा म्हाळू तिथंच गठ्ठे उचलायचा. रुईचा भुगा उडून दिव्यांवर बसायचा आणि उजेड मंद व्हायचा, म्हणून दिवे पुसायचं कामही तिच्याकडं आलं. सिदूनं तिला स्वतः शिकवलं होतं.

"वैनी, आधी बटन बंद करायचं. मग दिवा फिरवून काढायचा. बटन बंद असलं की काई भ्याव न्हाई."

तिनं अगदी तसंच केलं. आधी बटन बंद केलं. पाणी शिंपलेल्या जमिनीवर लोखंडी घोडा ठेवून त्यावर अनवाणी चढली, दिवा काढला, आणि होल्डरात अडकलेला भुगा ओल्या फडक्यानं पुसायला गेली. म्हाळूनं तिला पडताना पाहिलं. तो धावला, लोकांनी पाणी मारलं, कुणी कांदा हुंगवला. श्वास कसा चालू करायचा हे त्या शेडमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं, आणि भामाबाई गेली. ज्याला ठाऊक होतं तो सिदू त्या वेळी विठ्ठलरावांच्या ओट्यावर दाखल्यासाठी बसला होता.

हैदराबादेहून बिजली खात्याचे इन्स्पेक्टर आले. शेडच्या बाहेर विठ्ठलरावांनी सिदूला बाजूला घेतलं. आवाज एकदम मऊ.

"हे बघ, अर्जुनराव हजर हुते म्हणायचं. त्यांनी तपासलं, मग करंट सोडला. तू त्यांच्या हाताखाली हुतास. एवढं म्हणालास की तू सुटलास. दाखला खिशात हाय माझ्या, हे बघ."

त्यांनी खिशातून कागदाचं टोक दाखवलं. सिदूनं ते पाहिलं. अर्जुनराव अजून अंथरुणातच होते, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. तरी सिदूची मान हललीच.

शेडमध्ये इन्स्पेक्टर उभे होते, शेठ होता, आणि भिंतीला टेकून म्हाळू बसला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण उठवायची हिंमतही कुणी केली नाही.

"काम किसने किया?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"मी, साहेब. अर्जुनरावांच्या देखरेखीत."

"त्यांनी करंट सोडण्याआधी तपासलं?"

"जी."

"तू हजर होतास?"

"जी."

"मग कसं तपासलं ते दाखव." साहेबांनी आपल्या पेटीतून तपासणीचा दिवा काढून त्याच्या हातात ठेवला. दोन तारा सुटलेला, साधा दिवा.

सिदूच्या हातात तो पहिल्यांदाच आला. पण हाताला सगळं ठाऊक होतं. झोपेत किती वेळा केलं होतं त्यानं. त्यानं इंजीन चालू करायला सांगितलं. बटन बंद केलं. कोरडी फळी ठेवून तिच्यावर उभा राहिला. दिव्याची एक तार अर्थिंगला लावली, दुसरी होल्डरातल्या एका टोकाला. काही झालं नाही. मग दुसऱ्या टोकाला लावली.

दिवा लख्ख पेटला.

बटन बंद होतं, आणि दिवा पेटला होता. सिदूला दिवा बाजूला घेणं सुचेना. शेवटी साहेबांनीच इंजीन बंद करायला लावलं.

"असा पेटला तर काय समजायचं?" त्यांनी विचारलं.

"बटन परतीच्या तारेवर हाय," सिदू म्हणाला. मग त्याचा बांध फुटला. "अर्जुनराव इथं न्हवते, साहेब. ते तापानं पडलेत. कुणीच न्हवतं. मी एकल्यानं केलं. हे मला इठ्ठलरावांनी सांगितलं म्हणायला."

विठ्ठलराव ओरडले, "ए, काय बोलतो बे!" पण साहेबांनी हात वर केला आणि ते गप्प झाले.

"तुमच्या लायसनचं मंडळ बघेल," साहेब त्यांना म्हणाले. "बिनपरमिटच्या माणसाला एकटं कामावर सोडलं, तपासणीशिवाय करंट सोडला. आणखी काय राहिलं?" मग सिदूकडं वळले, आणि आवाजात राग नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "तू इम्तिहानात पास झाला असतास. चाचणी बरोबर केलीस. पण आता या अहवालासोबत तुझं नाव मंडळापुढं जाणार. मला ते टाळता येणार नाही."

सिदूनं मान डोलावली. परमिट गेलं हे त्याला कळलं, आणि नवल म्हणजे त्याचं त्याला काही वाटलं नाही. त्याला वाटलं, खरं बोललो, आता निदान म्हाळूकडं बघता येईल. म्हणून त्यानं बघितलं.

म्हाळू उठून जवळ आला होता. फळीवर ठेवलेला तो तपासणीचा दिवा त्यानं उचलला, उलटसुलट करून पाहिला. लहानशी वस्तू होती.

"हे तुला आधीपासून येत हुतं?" त्यानं विचारलं.

"येत हुतं, दादा."

"लई येळ लागतो का याला?"

सिदूला खोटं बोलता आलं असतं. आता त्या खोट्यामुळं कुणाचंच काही बिघडलं नसतं.

"न्हाई," तो म्हणाला. "आत्ता तुमी बघितलं तेवढाच."

म्हाळूनं दिवा जपून परत फळीवर ठेवला. घोड्याखाली भामाबाईचं फडकं तसंच पडलेलं होतं, ते उचलून त्यानं झटकलं आणि घडी घालून काखेत धरलं. मग तो गठ्ठ्यांच्या बाजूच्या दारानं बाहेर पडला.