बारा वेळा ‘माझीच’

नाताळच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. सांगलीच्या कॉलेजातली मुलं दुपारीच पांगली होती आणि गणित विभागात पाच माणसं खडूच्या रिकाम्या डब्याभोवती बसली होती.

खूळ अंजना कदमबाईंचं. त्या विभागात नवीन. त्यांची बहीण मिरजेला दवाखान्यात नर्स. तिथं नाताळात सगळ्या नर्स एकमेकींच्या नावाच्या चिठ्ठ्या काढतात, जिचं नाव येईल तिला गुपचूप भेट देतात. कुणी दिली ते शेवटपर्यंत कळत नाही. “आपण संक्रांतीला करू,” बाई म्हणाल्या. “तिळगुळासोबत भेट.”

जोतीराम सर लगेच हो म्हणाले, याचंच सगळ्यांना नवल वाटलं. एप्रिलमध्ये त्यांची बायको शालूबाई गेली. तेव्हापासून सर खोलीत आले की बोलणं थांबायचं. चहा त्यांच्यापुढं आधी यायचा. चुकलं तरी कुणी वाद घालायचं नाही. सरांना या गोष्टीचा वीट आला होता. पाचातला एक म्हणून बसावं, बाकीच्यांसारखं कुणाच्या तरी वाट्याला यावं, एवढ्यासाठी ते डब्याजवळ बसले होते. वर संख्याशास्त्र शिकवणारे, म्हणून नियमही त्यांनीच सांगितले.

“चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही. स्वतःचं नाव आलं तर ‘माझीच’ म्हणायचं. मग सगळ्यांनी चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या आणि परत पहिल्यापासून.”

लालासाहेब शिंदे सैन्यातून येऊन गणिताला लागलेले. त्यांना हे पटलं नाही. “आवं, ज्याला आली त्यानं बदलावी की. बाकीच्यांनी काय गुन्हा केला?”

“आणि शेवटच्या माणसाला त्याचीच उरली तर? तो कशाशी बदलणार?”

“मग शेजाऱ्याशी.”

“म्हणजे शेजाऱ्याजवळ काय होतं ते त्याला कळलं. गुपित कुठं राहिलं? आणि वाटणीही सारखी राहत नाही. सगळ्या परत टाकायच्या.” सरांनी फळ्यावर आकडे मांडले. “पाच चिठ्ठ्या पाच जणांत एकशेवीस प्रकारांनी जातात. त्यातल्या चव्वेचाळीस प्रकारांत कुणालाच स्वतःची येत नाही. म्हणजे तीनेक वेळा काढलं की जमतंय.”

पहिल्या वेळी लालासाहेब म्हणाले, “माझीच.” दुसऱ्या वेळी कदमबाई. तिसऱ्या वेळी शिपाई बिराप्पा चिठ्ठी छातीशी धरून म्हणाला, “सर, माझीच हाय की.” चौथ्या वेळी खुद्द जोतीराम सरांनाच स्वतःची आली. पाचव्या वेळी विभागप्रमुख नाथाजीराव मोहिते चष्मा पुसत म्हणाले, “अं… माझीच.”

सहाव्या वेळेनंतर बिराप्पानं चहा आणला. आठव्या वेळेला चहाही संपला.

“पाच मिनटांचं काम म्हणाला हुता,” लालासाहेब म्हणाले. “गड्या, तुझं ते चव्वेचाळीस कुठं गेलं?”

“येतंय.”

“येस्टीनं येतंय का चालत?”

बाराव्या वेळी पुन्हा कदमबाई म्हणाल्या, “माझीच,” आणि जोतीराम सर उठून फळ्याकडं गेले. बराच वेळ खडू घासला. मग वळून म्हणाले, “बारा वेळा ओळीनं न जमणं, हे दोनशेचाळीसात एकदा होतं.”

“मग ते आज झालं,” नाथाजीराव घाईनं म्हणाले. “होतं असं. उद्या बघू.”

“नाही सर. कुणीतरी खोटं बोलतंय.”

बिराप्पा खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर काहीच नव्हतं.

“असं धरा,” सर म्हणाले, वर्गात शिकवावं तसं. “एक नाव असं आहे की ते ज्याला येईल त्याला नकोसं होतं. तो ‘माझीच’ म्हणून परत टाकतो. म्हणजे खेळ कधीच संपणार नाही. बरोबर वाटणी झाली तर ते नाव दुसऱ्या कुणाकडं तरी असणारच, आणि तो ते टाकणारच. आता ते नाव कुणाचं एवढंच शोधायचं.”

“शोधायचं कशाला?” कदमबाई म्हणाल्या. “सर, राहू द्या ना.”

पण सरांच्या डोक्यात गणित शिरलं होतं. त्यांना नाथाजीरावांचा संशय होता. साहेबाला भेट काय द्यायची, हा पेच कुणालाही पडेल.

“नाथाजीराव, तुमची चिठ्ठी बाजूला ठेवू. चौघांत काढून बघू.”

“म्हणजे मला कुणी भेट द्यायला तयार नाही?” नाथाजीरावांचा चेहरा पडला.

“नुसतं तपासायचंय.”

चौघांत तीन वेळा काढलं. तिन्ही वेळा कुणीतरी ‘माझीच’ म्हणालंच. नाथाजीराव खुर्चीवर पुन्हा ताठ बसले. “बघा! मी नाही!”

“मग आता मी बाहेर,” जोतीराम सर म्हणाले. “नुसता बघतो.”

चौघांनी चिठ्ठ्या काढल्या, उघडल्या, वाचल्या. कुणीच काही म्हणालं नाही.

“जमलं?” सरांनी विचारलं.

“जमलं वाटतं,” लालासाहेब हळू म्हणाले.

“परत काढा.”

परत काढल्या. परत जमलं.

दोनदा जमल्यानं संख्याशास्त्रात काहीच सिद्ध होत नाही, हे सरांइतकं कुणाला ठाऊक? पण समोरचे चार चेहरे बघितल्यावर कोष्टक मांडायची गरज उरली नाही. सर हातातला खडू बघत राहिले. पाचातला एक व्हायला आले होते, आणि पाचांतून तेच एक नको झाले होते.

“मी एकदाच टाकली,” नाथाजीराव म्हणाले.

“म्या दोनदा,” बिराप्पा म्हणाला.

“तू पण?” लालासाहेब त्याच्याकडं वळले. “मला वाटलं मी एकटाच.”

“का पण?” सरांनी विचारलं.

बिराप्पा पुढं झाला. “सर, घोंगडं द्यायचं मनात हुतं. लय चांगलं, आमच्या जतकडचं. मग वाटलं, एकट्या माणसाला पांघरूण दिलं तर बाई आठवून रातभर जागा ऱ्हाईल.”

“मला डबा सुचला,” कदमबाई म्हणाल्या. “मग वाटलं, तो भरणार कोण?”

“आमच्यात अशा टायमाला रम देत्यात,” लालासाहेब म्हणाले. “तू घेत न्हाईस. मला दुसरं काय सुचणार?”

नाथाजीरावांनी नुसता चष्मा काढला.

जोतीराम सरांना राग यायला हवा होता. आला नाही. उलट आठ महिन्यांत पहिल्यांदा खरं काय ते सांगून टाकावंसं वाटलं.

“चहाचं गाळणं द्या,” ते म्हणाले. “शालूनं ते कुठं ठेवलं ते अजून सापडलं नाही. तेव्हापासून रुमालानं गाळतोय.”

“त्योच रुमाल?” बिराप्पानं सरांच्या खिशाकडं बोट केलं.

“दोन आहेत.”

“आनि वळखायचे कसे?”

सरांनी खिशातला रुमाल काढून उलटसुलट बघितला आणि म्हणाले, “हा चहाचा दिसतोय.”

लालासाहेबांनी टेबलावर हात आपटला. कदमबाई पदर तोंडाशी धरून हसत होत्या. सरांच्या पुढ्यात कुणी असं हसण्याची ही एप्रिलनंतरची पहिली वेळ, आणि सरही हसत होते.

“सर, गाळणं असंल तर माझ्या नावावर येऊ द्या,” बिराप्पा म्हणाला.

“वशिला चालणार नाही. घाला पाच चिठ्ठ्या डब्यात.”

डबा हलला. पाच हात आत गेले. चार जणांनी चिठ्ठी वाचून मूठ मिटली आणि सगळे जोतीराम सरांकडं बघायला लागले.

सरांनी आपली उघडली. नाथाजीराव मोहिते.

नाथाजीरावांना काय द्यायचं? त्यांना पेन आवडतं का पान, गोड चालतं का मधुमेह आहे, सरांना काहीच माहीत नव्हतं. पंधरा वर्षं शेजारी बसून माहीत नव्हतं. असल्या सगळ्या गोष्टी शालूला पाठ असायच्या. भेट तीच आणायची, सर नुसती पोचवायचे. आता दुकानात एकट्यानं उभं राहायचं आणि बोट दाखवायचं.

ओठांवर शब्द आला. अगदी सोपा, तीन अक्षरांचा. म्हटला असता तर कुणी तपासलाही नसता.

“काय सर?” नाथाजीरावांनी विचारलं. “तुमचीच का?”

सरांनी चिठ्ठीची बारीक घडी केली आणि चहाच्या रुमालात गुंडाळून खिशात घातली.

“नाही,” ते म्हणाले. “जमलं.”