साहेबांना न दिसणारी आतषबाजी

बिश्केकच्या ऑफिसात ॲप बनवणाऱ्या चिनाराचं डोकं फिरलं होतं. बसचं तिकीट निघालं की ॲपमध्ये उडणारे रंगीत कागदाचे कपटे तिनं मोजकेच ठेवले होते. सेकंदाभरात खेळ खलास, स्वस्तातला फोनही अडखळत नसे. पण मालक सोवेत बाइके, म्हणजे तिकडच्या भाषेत सोवेतदादा, रोज खेकसत, "कुठाय? मला काही दिसत नाही. वाढव!"

वाढवता वाढवता कपटे दसपट झाले आणि बाकी सगळ्यांचे फोन गचके खाऊ लागले. शेवटी तिनं बाइकेंचा फोन हिसकावलाच. सेटिंगमध्ये ॲनिमेशन बंद होतं आणि ॲप ते निमूट पाळत होतं.

"बाइके, हे कुणी बंद केलं?"

"मीच. स्क्रीनवर काही उडालं की मला गरगरतं."