दादाने पाठवलेली ओळ

आई गेल्यापासून बाबा दुपारभर तिच्या खोलीच्या दाराशी बसून बोलतात. मध्येच थांबतात, उत्तर ऐकल्यासारखे. दादा पंधरा दिवस राहून आला आणि त्याची झोपच उडाली. आता कोणीतरी कायमचं तिथे राहायला जायला हवं होतं. तो किंवा मी.

"नाणं उडवू," तो फोनवर म्हणाला.

"फोनवर? तुझं नाणं, तुझीच जमीन?" आई आजारी पडली तेव्हाही, जिंकेल त्याने तिच्याकडे जायचं म्हणून, त्याने असंच उडवलं होतं. हरलीस, म्हणाला होता. मी बाळंतीण, घरीच राहिले. आई मला पुन्हा दिसली नाही. ते नाणं आजही माझ्या डोक्यात फिरतंय.

"मग हॅश काढू, ठमाकाकू."

आम्ही दोघंही सॉफ्टवेअरच्या सुरक्षेत काम करतो, त्यामुळे फार बोलावं लागलं नाही. त्याने छापा किंवा काटा लिहायचं, पुढे संगणकाने दिलेली वेडीवाकडी अक्षरं जोडायची आणि त्या ओळीचा हॅश, म्हणजे तिचा ठसा, मला पाठवायचा. ती अक्षरं नसती तर मी दोन्ही शब्दांचे ठसे काढून क्षणात ओळखलं असतं. ठशावरून ओळ कळत नाही आणि तोच ठसा देणारी दुसरी ओळ शोधणं कुणाच्या बापाला जमत नाही. मग मी छापा की काटा ते बोलायचं, त्यानंतर त्याने ओळ उघड करायची. माझं बरोबर आलं तर तो जाणार, चुकलं तर मी.

चौसष्ट अक्षरांचा ठसा आला. बाळ मांडीवर पीत होतं.

"छापा," मी म्हणाले.

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली.

"जिंकलीस. मी जातो." ओळही आली: छापा, पुढे अक्षरं.

मी एका हाताने ठसा काढला. जुळेना. शेवटी एखादी रिकामी जागा राहिली असेल, म्हणून पुन्हा काढला. नाहीच. मग अक्षरं तशीच ठेवून फक्त शब्द बदलला. काटा.

चौसष्टच्या चौसष्ट जुळली.

"दादा, जुळत नाहीये."

"तपासलंस होय? बाळ कुरकुरत होतं, म्हटलं राहू देशील."

"काटा लिहिला होतास तू. मी हरले."

"हरलीस तर हरलीस. त्या घरात लेकराला नको नेऊस."

"बाबा बोलतात, एवढंच ना?"

"एवढंच असतं तर मी झोपलो नसतो का गं?"

त्याने आज खोटं बोलून मला वाचवायला पाहिलं. मग तेव्हा, आईच्या वेळी? तेव्हाही असंच असेल? विचारलं नाही. त्या नाण्याचा ठसा कुणाकडेच नव्हता आणि तो जे सांगेल ते मला आयुष्यभर नुसतं मानावं लागलं असतं.

"बाबांना कळव, मी आणि बाळ येतोय."

"ठमे..."

"ठरलं होतं आपलं."

तो हळूच म्हणाला, "तिच्या खोलीचं दार ते उघडं ठेवतात. लावायला जाऊ नकोस. मी एकदा लावलं होतं."