शर्मिष्ठा म्हणून पुढे जा

आई गेली त्याला पाच महिने झाले होते, आणि तिच्या नावानं मेल येऊ लागले त्याला चार.

विजयकुमार ते मेल सकाळच्या कॉफीबरोबर वाचत. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या रणगाड्यांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं तपासनीस असलेला हा माणूस साधं वीजबिलही दोनदा पाहिल्याशिवाय खरं मानत नसे. पण मेल उघडला की वर बायकोचा मोरपंखी साडीतला फोटो दिसे, खाली लिहिलेलं असे, ‘शर्मिष्ठा तुमची वाट पाहते आहे. दीप लावा.’ मग ते दीप लावत, म्हणजे पडद्यावर बोट टेकवत. दीप लागला की मासिक श्राद्धाच्या साहित्याची, गुरुजींची, गयेच्या सहलीची जाहिरात दिसे.

त्यांची मुलगी अलकनंदा हिच्या नजरेस दोन मेल पडले, ते तिनं पाहून न पाहिल्यासारखे केले. त्या रविवारी आलेला तिसरा तिला सोडवेना. ‘मंगळवारी शर्मिष्ठाचा वाढदिवस. तिला विसरणार नाही ना?’

“यांना आईचा वाढदिवस कुणी सांगितला?” तिनं विचारलं.

सांगितला होता सुधींद्रमामांनी, आणि त्यांनाच ते ठाऊक नव्हतं. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, तंजावरकडचे. चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीला यांच्याच गल्लीत तीन घरं सोडून राहायचे. तेराव्याला नातलग कुठून कुठून फोन करत होते, तेव्हा मामांनी ‘दीपनिनैवु’, म्हणजे आठवणीचा दिवा, अशा नावाचं ॲप शोधून काढलं. तिथं गेलेल्या माणसाचं पान करता येई. आता पान कुणाच्या नावानं करायचं? त्यांच्या घरात लग्नाची असो की बारशाची, पत्रिका थोरल्या माणसाच्या नावानं निघे. थोरली होती त्यांची अक्का, म्हणजे आईच. मामांनी अक्काचा फोन उचलला, ॲप उघडलं, आणि ‘फेसबुकनं प्रवेश करा’ दाबलं. निळ्या बटणावर लिहून आलं, ‘शर्मिष्ठा म्हणून पुढे जा’. मामा पुढे गेले.

त्या बटणाच्या वर एक यादी होती: नाव, फोटो, ईमेल, जन्मतारीख, मित्रयादी, टाकलेली छायाचित्रं. शेजारी ‘बदल करा’ असंही होतं; तिथं जन्मतारखेची किंवा छायाचित्रांची खूण काढता आली असती. सुतकाच्या घरात ते कोण वाचणार?

अलकनंदानं आईचा फोन चार्जिंगला लावला. तो तिनं बंद केला नव्हता. दर महिन्याला रिचार्ज करत होती, का ते तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनंही स्वतःला विचारलं नव्हतं. फोनवर ॲप उघडलं तर आतल्या पानाऐवजी पुन्हा तेच निळं बटण आलं. तिनं हात मागे घेतला आणि ॲपच्या मदत क्रमांकावर फोन लावला.

पलीकडे रंजनी नावाची मुलगी होती, तमिळमधून फार गोड बोलणारी. पान काढून टाकायचं तर खातेदारानं स्वतः आत यायला हवं, म्हणाली. अलकनंदानं सांगितलं, खातेदार वारल्या आहेत, तुमच्याच पानावर तारीख आहे. रंजनी म्हणाली, फोन तुमच्याजवळच आहे ना, बटण दाबा, नव्या अटी मान्य करा, आत जाऊन विनंती टाका. सगळे असंच करतात.

“मी माझ्या आईच्या नावानं काहीही मान्य करणार नाही,” अलकनंदा म्हणाली. “तुमच्या तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता द्या.”

पत्ता मिळाला. तेवढ्यात मामा वडे घेऊन आले आणि प्रकरण ऐकून दुखावले. अस्के लोक दीप लावलेत, म्हणाले. अस्के म्हणजे सगळे. पुण्यापासून कुंभकोणमपर्यंत एक्काऐंशी दीप त्यांनी मोजले होते. आता दिवे विझवायचे?

“दिवे नाहीत मामा, दुकान आहे. आईला दारात उभं केलंय.” तिनं आईच्या फोनवर फेसबुक उघडलं.

“आणि तू काय करतीस? तूही अक्काचा फोन घेऊन तिच्याच नावानं आत जातीस की.”

हे तिला लागलं, कारण खोटं नव्हतं. “जाते,” म्हणाली. “पण तुम्ही दिलेलं परत घ्यायला.”

फेसबुकच्या सेटिंगमध्ये ‘ॲप्स आणि वेबसाइट्स’ उघडलं. आई पासवर्ड विसरायची, म्हणून जिथं तिथं याच खात्यानं शिरायची. तिथं तिचे दिवस ओळीनं लागले होते: कोलमचे, म्हणजे तमिळ रांगोळीचे नमुने, शब्दकोडी, भजनं, आणि एक देवनागरी शिकवणारं ॲप. आई मराठी तमिळ लिपीतच लिहायची. हे तिनं कधी सुरू केलं होतं? अलकनंदा त्या ओळीवर थोडी थांबली आणि खाली सरकली.

दीपनिनैवुच्या नावावर बोट ठेवताच काय काय दिलं होतं ते दिसलं. तळाशी आईचा त्या ॲपपुरता खातेक्रमांक होता. तो तिनं कॅलेंडरच्या मागे लिहून घेतला आणि मग ‘काढून टाका’ दाबलं. सूचना आली: यापुढे या ॲपला माहिती मिळणार नाही, पण आधी मिळालेली त्याच्याकडे असू शकते, ती पुसायची तर त्यांनाच सांगावं लागेल.

“म्हणजे मंगळवारचा मेल येणारच?” बाबांनी विचारलं. स्वरात काळजी होती की आशा, तिला कळलं नाही.

“येईल. पहिला दीप लावताना तुम्हीही फेसबुकनंच आत गेलात. तुमचं नाव आणि ईमेल तुमच्याकडूनच गेलं, आणि आईच्या मित्रयादीत तुम्ही होतात, म्हणून जोडी लागली. आईकडचं मी काढलं. तुमचं तुम्हीच काढायचं.”

“राहू दे,” बाबा म्हणाले. “तिच्या नावानं काहीतरी येतं तरी.”

अलकनंदा यावर भांडली नाही. तिनं अधिकाऱ्याला पत्र धाडलं, मृत्यूचा दाखला आणि तो क्रमांक जोडून. बाबांच्या फोनला हात लावला नाही.

मंगळवारी ती शाळेत शिकवायला निघाली तेव्हा बाबा कॉफी पुढ्यात ठेवून बसले होते, साय धरलेली. फोन त्यांनी तिच्याकडे सरकवला. मोरपंखी साडी, हसरा चेहरा. ‘विजयकुमार, आज माझा वाढदिवस. माझ्यासाठी एक दीप लावाल ना? तुमची, शर्मिष्ठा.’

“चाळीस वर्षांत तिनं मला नावानं हाक मारली नाही,” बाबा म्हणाले. “उखाण्यात एकदा घेतलं, ते माझ्या आत्यानं दार अडवून धरलं म्हणून. ही कोण मला विजयकुमार म्हणणारी?”

अलकनंदानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

“कुठं दाबायचं, सांग. दाबीन मीच.”

तिनं चप्पल काढली, शेजारी बसली आणि सांगितलं: तुम्ही स्वतः खातेदार आहात, तेव्हा आधी ॲपमध्ये जाऊन तिथलं खातं पुसायची विनंती करायची, मग फेसबुकमधली परवानगी काढायची. क्रम उलटा झाला तर आत जायला पुन्हा परवानगी द्यावी लागते. बाबांनी चष्मा पुसून प्रत्येक ओळ दोनदा वाचली. शेवटी ‘काढून टाका’ त्यांनीच दाबलं.

मग त्यांनी कॅलेंडर उलटं करून तो क्रमांक पाहिला.

“तुझ्या पत्राला उत्तर?”

“नाही अजून.”

“मग आज माझं जाईल. नवऱ्याचं.” त्यांनी कागद ओढून वर ‘संदर्भ’ असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. “कारखान्यात एका ढिल्या नटबोल्टसाठी मी सात पत्रं लिहिली होती. सातव्याला पुरवठादारानं अख्खी खेप परत नेली. तू जा शाळेत. आणि सुधींद्राला सांग, संध्याकाळी फोन घेऊन ये म्हणावं. त्याचं पण काढू.”