पाच वर्षांची मुदत

तेजस्विनीच्या कागदांत खोट काढायला जागा नव्हती, आणि नेमकं तेच वर्षालीला सकाळपासून खुपत होतं.

चाकणच्या त्या कारखान्यात वर्षाली भरतीचं काम बघायची. मोटारींचे पत्र्याचे भाग बनवणारा कारखाना, तीन पाळ्या, सहाशेच्या वर कामगार. प्रेस शॉपमध्ये बोट चेमटलं, भट्टीशी कुणाला चक्कर आली, की माणूस आधी आणतात तो गेटजवळच्या उपचार खोलीत. तिथल्या जुन्या सिस्टर दोन महिन्यांपूर्वी सोडून गेल्या. नव्या सिस्टरसाठी कामाचं वर्णन, ज्याला ऑफिसात सगळे जेडी म्हणतात, ते वर्षालीनेच लिहिलं होतं. आईचं तेरावं झालं, आणि दुसऱ्या दिवशी आकुर्डीहून कंपनीची बस पकडून ती कामावर आली, त्याच दिवशी.

आता त्या जेडीतल्या अटी तिने कागदावर डाव्या बाजूला उतरवल्या होत्या. नर्सिंगचा तीन वर्षांचा जीएनएम कोर्स किंवा बीएस्सी. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, नूतनीकरण केलेली. हृदय बंद पडलं तर छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचं प्रशिक्षण, म्हणजे बीएलएस, त्याचं चालू प्रमाणपत्र. अपघात विभागाचा दोन वर्षांचा अनुभव. उजवीकडे दोन रकाने, दोन उमेदवारांचे.

तेजस्विनीच्या रकान्यात चारही ठिकाणी बरोबरची खूण होती. तिचा बायोडाटा आणला होता रविराजने. रविराज खराबवाडीचा, बापजाद्यांच्या जमिनीवर शेड उभ्या राहिल्या तसा माणसं पुरवायच्या धंद्यात शिरलेला. कंपनीतले निम्मे हेल्पर त्याचेच.

दुसरी उमेदवार मंजुषा गणराज काळे. भोसरीत राहणारी, आपणहून अर्ज केलेली. तिच्या रकान्यात बरोबरची खूण एकाच ठिकाणी होती, अनुभवापुढे. जीएनएमचं प्रमाणपत्र आणि कौन्सिलची नोंदणी होती ती कुणा 'वैशाली आबाजी लोंढे' हिच्या नावाने. नाव वेगळं, मधलं नाव वेगळं, आडनाव वेगळं. बीएलएसची मुदत मार्चमध्येच संपलेली, तिने स्वतःच तसं लिहिलेलं. आणि वर हे कमी म्हणून की काय, बाईने मेलच्या शेवटी एक ओळ लिहिली होती: 'आपल्या जेडीत बीएलएसची मुदत पाच वर्षे लिहिली आहे. ती दोन वर्षे असते. कृपया पाहावे.'

वर्षालीने ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा तिचं डोकं फिरलं होतं. दुसऱ्या बाईची नोंदणी जोडते, स्वतःचं प्रमाणपत्र संपलेलं, आणि आम्हाला नियम शिकवते! तिने कागदाच्या कोपऱ्यात 'संशयास्पद' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

हल्ली तिला सिस्टर म्हणवून घेणाऱ्या कुणाचाही संशय यायचा. आईला दवाखान्यातून घरी आणल्यावर एका नर्सिंग ब्युरोने बाई पाठवली होती. पांढरा कोट, हातात घड्याळ, बोलायला गोड. बावीस दिवस ती आईच्या उशाशी होती. शेवटच्या सकाळी डॉक्टर आले, सगळं बघितलं आणि जाता जाता सहज म्हणाले, "सिस्टर जीएनएम होत्या ना?" ऑफिसात शिपायाची दहावीची मार्कशीट उलटसुलट करून बघणाऱ्या तिने घरात आलेल्या बाईला एक नंबर विचारला नव्हता.

दुपारी व्यवस्थापक अर्जुनराव डोकावले. "झालं का सिस्टरचं? पुढच्या सोमवारी ऑडिट आहे. ती रविराजची पोरगी घेऊन टाका. सगळं बसतंय म्हणालात ना?"

"बसतंय. जरा जास्तच बसतंय."

"म्हणजे?"

"अटी मी ज्या क्रमाने लिहिल्या त्याच क्रमाने तिचा बायोडाटा आहे. माझेच शब्द."

"मी जेडी रविराजला पाठवली होती. बघून लिहिलं असेल. हुशार असेल पोरगी," अर्जुनराव हसले. "तुम्हाला हल्ली देवाच्या मूर्तीचंही आधार कार्ड लागेल."

ते गेल्यावर वर्षालीने तेजस्विनीचं बीएलएसचं कार्ड पुन्हा समोर घेतलं. तारीख जून २०२४. मुदत जून २०२९. पाच वर्षं, जेडीत होती तशीच.

मग तिने स्वतःची जेडी उघडली. 'कौन्सिलची नोंदणी व बीएलएस प्रमाणपत्र, दोन्हींची मुदत पाच वर्षे, अर्जाच्या दिवशी चालू असावी.' नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांनी होतं हे तिला पक्कं माहीत होतं. बीएलएसचं? जुन्या सिस्टरांच्या फाईलमध्ये तिने शोधलं. दोन कार्डं सापडली, एकामागून एक काढलेली, प्रत्येकावर दोनच वर्षं. दोन ओळी एकत्र लिहिताना तिने एकीची मुदत दुसरीला चिकटवली होती. त्या दिवशी तिने काय काय लिहिलं होतं ते तिचं तिलाच आठवत नव्हतं.

कार्डावर ज्या प्रशिक्षण केंद्राचं नाव होतं त्याला तिने फोन लावला.

"आमचं कुठलंच कार्ड पाच वर्षांचं नसतं हो मॅडम," पलीकडची बाई म्हणाली. "नंबर सांगा बरं... हा नंबर आमच्या यादीत नाही. कुठून मिळालं तुम्हाला हे?"

वर्षालीने फोन ठेवला. खरं कार्ड असतं तर त्यावर खरी मुदत असती. हे कार्ड तिची चूक वाचून बनवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने तेजस्विनीला मूळ कागद घेऊन बोलावलं. पाठोपाठ रविराजही अर्जुनरावांना घेऊन आला, खुर्ची ओढून बसला.

"काय ताई, पोरीला एवढ्या लांबून पुन्यांदा बोलावलं? काय कमी हाय कागदात?"

"कमी काहीच नाही. हे बीएलएसचं कार्ड पाच वर्षांचं कसं?"

"आता घ्या! तुमच्याच कागदावर पाच लिवलंय. न्हाई का वो अर्जुनराव? पोरीचं पाच निघालं तर म्हनता खोटं. तीन असतं तर म्हनला असता कमी हाय."

अर्जुनरावांनी वर्षालीकडे बघितलं. "जेडीत पाच आहे, हे खरंय."

चूक कबूल केली नाही तर मुलगी सोमवारपासून उपचार खोलीत बसणार होती.

"जेडीत माझी चूक आहे," ती म्हणाली. "बीएलएस दोन वर्षांचं असतं. चूक माझी आणि कार्ड त्या चुकीसारखंच. मी केंद्राला विचारलं, हा नंबर त्यांच्याकडे नाही."

रविराज काही बोलायच्या आत ती तेजस्विनीकडे वळली. "नोंदणीचं मूळ प्रमाणपत्र आणलंयस ना? दाखव."

मुलीने प्लास्टिकच्या पिशवीतून ते काढलं. कोर्सचा पुरावा म्हणून अर्जाला याचीच झेरॉक्स जोडली होती आणि तिच्यात वरची पट्टी कापली गेली होती. मूळ कागदावर ती होती. सहायक परिचारिका प्रसाविका. म्हणजे एएनएम, दोन वर्षांचा वेगळा कोर्स. नोंदणी खरी होती, नंबर खरा होता. फक्त ती जीएनएमची नव्हती.

"तू बायोडाटात जीएनएम लिहिलंस?"

"मी न्हाई मॅडम." तेजस्विनीचा आवाज एवढासा झाला. ती बीडकडची होती, गावच्या उपकेंद्रात लसीकरणाला जायची. "मी सांगितलं व्हतं दादांना, मी एएनएम हाय म्हणून. ते म्हनले चालतंय. कम्प्युटरवाल्यानी केलं सगळं. मी निस्ती सही केली."

"आणि बीएलएस?"

"ते मला म्हाईतच न्हाई."

"अगं ए, गप की!" रविराज ओरडला, मग हसायचा प्रयत्न केला. "ताई, एवढं मनावर घेऊ नका. पट्टी बांधायची, गोळी द्यायची, त्याला काय लागतंय?"

"कुणाचं हृदय बंद पडलं की काय लागतं ते विचारा," वर्षाली म्हणाली.

बाहेर प्रेसचा ठोका पडत होता. अर्जुनरावांनी रविराजला केबिनमध्ये यायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. तेजस्विनी कागद पिशवीत भरत होती, ते नीट आत जात नव्हते. वर्षालीने तिला पाणी दिलं. "एएनएमच्या जागा निघतात," ती म्हणाली. "खऱ्या कागदावर अर्ज कर. आणि सही करण्याआधी वाचत जा."

मग तिने मंजुषा काळेला फोन लावला.

मंजुषा संध्याकाळी आली, भोसरीहून स्कूटीवर, हेल्मेट हातात. चाळिशीची, बारीक अंगाची बाई. वर्षालीने विचारायच्या आधीच तिने टेबलावर कागद मांडले: मूळ नोंदणी, लग्नाचा दाखला, नाव बदलल्याची राजपत्रातली नोंद.

"लग्नात सासूबाईंनी नाव बदललं," ती म्हणाली. "ताटात तांदळावर लिहितात ना, तसं. वैशालीची मंजुषा झाले. कौन्सिलकडे बदलायचं राहिलं, चूक माझीच. आता अर्ज केलाय, ही पावती."

वर्षालीने एक एक अक्षर जुळवलं. वैशाली आबाजी लोंढे, मंजुषा गणराज काळे. जन्मतारीख एकच. फोटो तरुण, पण भुवईवरचा व्रण तोच. तरी तिने पुन्हा वाचलं.

"शंका आहे अजून?" मंजुषाने विचारलं.

"आहे."

"मग बघा निवांत. तुमच्या जागी असते तर मीही बघितलं असतं."

"बीएलएस संपलंय हे तुम्ही स्वतःच लिहिलंत. लपवलं असतं तर?"

"लपवून काय करू? बावीस तारखेला पुन्हा करतेय, पैसे भरलेत. ती चुकीची ओळ मात्र खटकली म्हणून लिहिलं. राग आला असेल."

"आला होता," वर्षाली म्हणाली. "बरोबर होतं तुमचं. बावीसनंतर कार्ड आणा. मी केंद्राला विचारीन, मगच पत्र देईन. तोवर नाही."

"तोवर नाहीच द्यायचं," मंजुषा म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

ऑडिटच्या दिवशी शेजारच्या कंपनीची सिस्टर उसनी आणावी लागली. अर्जुनराव चार दिवस वर्षालीशी धड बोलले नाहीत. तेवीसला कार्ड आलं, दोन वर्षांचं. वर्षालीने केंद्राला फोन केला, नंबर यादीत होता. तिने जेडीतल्या पाचाचे दोन केले, मंजुषाच्या रकान्यात राहिलेल्या खुणा भरल्या आणि कोपऱ्यातल्या 'संशयास्पद'वर काट मारली.

पेन ठेवलं तरी ती उठली नाही. मोबाईलमध्ये ब्युरोचा नंबर अजून होता. तिने तो लावला.

"माझ्या आईकडे बावीस दिवस तुमच्या एक सिस्टर होत्या," ती म्हणाली. "त्यांचा कौन्सिलचा नोंदणी नंबर हवाय."

पलीकडे कुणीतरी कुजबुजलं. मग आवाज आला, "आता कशाला पाहिजे मॅडम?"

"जुळवून बघायचाय," वर्षाली म्हणाली.