दोघांच्याही नावावरची अट

लोकनाथ दाइंच्या त्या एका वाक्यानंतर टेबलावर जी शांतता उतरली, तिला गुंद्रुकाचा, आमच्या नेपाळी आंबवलेल्या पालेभाजीचा, आंबूस वास होता. भाउजूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, वाढण्यासाठी उचललेला डाव पातेल्यावर तसाच धरून ठेवला. त्यातून रस्सा ठिबकत राहिला. माझ्या शेजारी माझ्या नवऱ्याने, खगेंद्रने, घास कालवला होता. तो त्याने तोंडाकडे नेला नाही, आणि सोडलाही नाही.

दाइ एवढंच म्हणाले होते, "ज्याच्या ज्याच्या नावावर हा व्हिसा, त्या प्रत्येकाला अट, बहिनी. फक्त तुला नाही."

मेलबर्नहून पहाटे निघून सहा तास गाडी चालवत आम्ही मिल्ड्युराला आलो होतो ते माझ्यासाठी खोली बघायला. एकच खोली. मला इथल्या बेदाण्यांच्या कारखान्यात अन्नतंत्रज्ञाची नोकरी मिळाली होती. राज्याने मला या भागासाठी निवडलं होतं, आणि त्या निवडीचे पंधरा गुण माझ्या पंच्याहत्तरांवर येऊन पडले होते. महानगरातच राहून कायम वास्तव्य मिळवायचं तर पंच्याहत्तर गुणांना कोणी दारात उभं करत नव्हतं. व्हिसासाठी अर्ज करायचं निमंत्रण आलं, तेव्हा आम्ही किती सहज ठरवून टाकलं होतं: तीन वर्षं मी इथे राहीन, खगेन तिकडे ट्राम चालवेल, सुट्टी मिळेल तसा येईल. नोकरी माझी, गुण माझे, निमंत्रण माझ्या नावाचं. मग वनवासही माझ्या एकटीचाच असणार, असं आम्ही गृहीत धरलं. मोठ्या भ्रमांना फार तर्क लागत नाही. ते घरातल्या हवेसारखे असतात.

"पण मी तर नुसता जोडीदार आहे अर्जात," खगेन शेवटी म्हणाला.

"जोडीदारच तो, ज्वाइँसाब. सामान नव्हे," दाइ म्हणाले. मी त्यांना दाइ, म्हणजे थोरला भाऊ, म्हणे आणि मला ते बहीण मानत, म्हणून खगेन त्यांचा जावई, आणि जावयाची थट्टा करण्याचा हक्क त्यांनी पहिल्या भेटीतच घेऊन टाकला होता. "राहायचं इथल्या भागात, काम करायचं इथल्या भागात, शिकायचं तेही इथल्याच भागात. मेलबर्नला जा, सिनेमा बघा, मित्रांकडे चार दिवस जेवा, कोणी अडवत नाही. पण तिथे ट्राम चालवून पगार घेतलात, की संपलं."

"कोण येतं बघायला?"

"कोणीच नाही. तीच तर मजा आहे. कोणी येत नाही आणि तीन वर्षांनी तुम्ही स्वतःच जाता, तीन वर्षांच्या कराचे कागद हातात घेऊन, की बघा, मी इथेच होतो. तेव्हा मालकाचा पत्ता मेलबर्नचा निघाला की काय सांगणार? ट्राम वाट चुकली?"

भाउजू हसू दाबत म्हणाल्या, "जेवू द्या की त्यांना. स्वतःचे तीन वर्षांचे कागद जमले, म्हणून आता सगळ्यांचे मास्तर झालेत."

खगेनने घास खाल्ला. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने फक्त विचारलं, "माझं नाव काढून टाकलं तर?"

हा प्रश्न तो माझ्याकडे न बघता विचारत होता, आणि त्यातलं औदार्य मला रागापेक्षाही सहन होईना.

"तुझ्या इंग्रजीच्या परीक्षेचे पाच गुण त्यात धरलेत," मी म्हणाले. "तू माझ्यासोबत अर्ज करतोस म्हणून ते मिळतात. जेवढ्या गुणांवर बोलावलंय, तेवढे भरले नाहीत तर अर्जच फेटाळतील."

"मग परत नव्याने."

"नव्याने? चैतात मला तेहतीस पुरी होतील, खगेन. वयाचेही पाच जातील."

या देशाने आमच्या आयुष्याचे तुकडे करून प्रत्येकाला अंक दिला होता: तारुण्याला इतके, पदवीला इतके, एकमेकांना समजेल अशा परक्या भाषेला पाच. प्रेमाला रकाना नव्हता. पण त्या जेवणात मला कळलं, की अट मात्र त्यांनी प्रेमासारखीच घातली होती. ती एकाला लागू होत नव्हती.

खगेनची ट्राम म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. काठमांडूत तो महाविद्यालयात इतिहास शिकवायचा. मेलबर्नला माझ्यामागे आला आणि सुरुवातीला एका हॉटेलच्या मोरीत भांडी घासली, मग रात्रपाळीत कार्यालयांच्या फरश्या पुसल्या. ट्रामचं प्रशिक्षण पुरं करून तो गणवेशात घरी आला, त्या संध्याकाळी आरशासमोरून हलेना. एक शहर त्याच्या हातातल्या दांड्याने पुढे सरकत होतं. पाळी सुरू करण्याआधी तो ट्रामच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी जात असे. दारं, आरसे, दिवे, सांधे, सगळं पाहत, तळवा डब्याच्या अंगावरून फिरवत. ती फेरी होईपर्यंत तो कोणाशी बोलत नसे. एकदा मी त्याला डबा द्यायला डेपोत गेले होते. हाका मारल्या, तर त्याने मान वळवली नाही. नंतर म्हणाला, "फेरी मारताना उत्तर दिलं की काहीतरी बघायचं राहतं. ज्या गाडीत माणसं बसणार, तिला आधी पुरतं बघायचं."

जेवणानंतर आम्ही दोघं नदीकडे गेलो. मरे नदीचं पाणी दुपारच्या उन्हात दुधाळ हिरवं दिसत होतं, आणि काठाने रूळ होते. खगेन थबकला. डोळ्यांत ओळख उजळली आणि विझली. रुळांवर गंज होता, मधून गवत उगवलेलं.

"इथे प्रवासी गाडी येत नाही," मी म्हणाले. "बंद झाली कधीच."

"मेनुका, तू हे सगळं शोधून ठेवलंयस?"

"तू येशील तेव्हा कसा येशील, ते बघत होते."

तो एका रुळावर चढला आणि हात पसरून तोल सांभाळत चार पावलं चालला, मुलं चालतात तसा. "अ‍ॅडलेडला ट्राम आहे," तो म्हणाला. "दाइ सांगत होते, अ‍ॅडलेडही अटीतल्या भागात बसतं. मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेन सोडून सगळंच बसतं."

"जा की मग अ‍ॅडलेडला."

"आणि तू इथे बेदाणे मोजत बस."

"बेदाणे मोजत नाहीत, त्यांचा ओलावा तपासतात."

"माफ करा, मॅडम."

आम्ही हसलो, आणि त्या हसण्याखाली प्रश्न तसाच पडून राहिला, पाण्याखालच्या ओंडक्यासारखा. मला त्याला 'ये' म्हणायचं नव्हतं. 'ये' म्हटलं असतं तर तो आला असता, आणि पुढे तीन वर्षं प्रत्येक संध्याकाळी माझा तो एक शब्द आमच्यासोबत जेवायला बसला असता. म्हणून मी म्हणाले, "मी निमंत्रण सोडू शकते."

"वेडी आहेस का?"

"दुसरं काहीतरी बघू."

"काय बघू? तुझा आत्ताचा व्हिसा उन्हाळ्यात संपतोय." तो रुळावरून उतरला. "आपण इथे पर्याय बघायला आलोय असं उगाच दाखवू नकोस. मला थोडा वेळ दे, बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाइ दारात येऊन उभे राहिले. "चला ज्वाइँसाब, तुम्हाला एक बाई दाखवतो."

"भाउजू ऐकतायत," खगेन म्हणाला.

"तिनेच सांगितलंय दाखवायला."

ती बाई म्हणजे ग्लेनिस. गावाच्या कडेला, संत्र्यांच्या बागांना लागून तिचं पत्र्याचं आवार होतं आणि त्यात शाळेच्या बस उभ्या होत्या. साठीची, उन्हाने भाजलेली, हाताला ग्रीस. दाइंची मुलगी तिच्या बसने शाळेत जायची. रविवार असूनही ती एका इंजिनात डोकं घालून बसली होती.

"ट्रामवाला तूच का?" तिने वर न बघता विचारलं. "ट्रामला स्टिअरिंग नसतं, ठाऊक आहे ना?"

"म्हणूनच आम्ही कधी चुकीच्या गल्लीत शिरत नाही," खगेन म्हणाला.

तिने डोकं बाहेर काढलं आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. मग भराभर सांगितलं: मोठ्या गाडीचा परवाना काढावा लागेल, मुलांसोबत काम करायचं म्हणून पोलिसांची तपासणी होईल, शिकवायला ती स्वतः बसेल. सकाळी एक फेरी, दुपारी एक. मधल्या वेळात हवं ते कर. पगार मेलबर्नसारखा नाही.

"मधल्या वेळात इतिहास शिकवेन," खगेन म्हणाला.

"कोणाला?"

"ते अजून ठरलेलं नाही."

ग्लेनिस हसली नाही. फडक्याला हात पुसत तिने मला विचारलं, "तुम्हीही तसलेच ना? तीन वर्षं काढायची, कागद मिळाला की शहराकडे पळायचं. माझे याआधीचे दोन चालक असेच गेले. चांगले होते दोघंही. मुलांना सवय झाली आणि हे गेले."

दाइ चुळबुळले. त्यांचा कायम वास्तव्याचा अर्ज महिन्याभरात जाणार होता, आणि भाउजूंनी त्यांच्या पाठीमागे सिडनीची घरं बघायला सुरुवात केली आहे, हे त्या स्वतःच काल मला स्वयंपाकघरात कुजबुजत सांगत होत्या. तरी त्याच भाउजूंनी अंगणात नवं लिंबू लावलं होतं. विचारलं तर म्हणाल्या, "कुठेही असलो तरी लिंबू लागतंच की."

मी ग्लेनिसला खोटं सांगू शकले असते. "मला माहीत नाही," मी म्हणाले. "आत्ता तर आम्ही येतोय की नाही, तेच ठरायचंय."

"बरं," ती म्हणाली. "निदान आधी सांगितलंस."

आवाराच्या टोकाला एक बस उन्हात उभी होती. पांढरी, जुनी, काचेच्या खालच्या भागात लहान बोटांचे ठसे. पलीकडे संत्र्यांच्या रांगा इतक्या सरळ गेल्या होत्या, की क्षणभर मला वाटलं, कोणीतरी इथेही रूळ टाकून ठेवलेत, हिरवे, वाढणारे. खगेन बसकडे बघत होता. काल रुळांकडे बघताना त्याच्या डोळ्यांत जे विझलं होतं, ते पेटलं असं मी म्हणणार नाही. पण ते काहीतरी शोधत होतं.

खोलीवाल्याला दुपारी होय-नाही सांगायचं होतं. त्याच रस्त्यावर दोन खोल्यांचं घरही होतं, मागे अंगण असलेलं. ते मी काल गाडीतून पाहिलं होतं आणि बोलले नव्हते. आता मी खगेनच्या जवळ गेले. 'ये' हा शब्द मी अजूनही गिळूनच होते.

"खगेन," मी विचारलं, "खोली सांगू की घर?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तो वळला आणि काही न बोलता बसच्या पुढच्या दिव्यापाशी गेला, आणि तिथून, तळवा तिच्या तापलेल्या अंगावर ठेवून, आरसा, दार, चाक बघत, सावकाश मागच्या टोकाकडे चालू लागला.