एक अंश जास्त

दूध संघाच्या प्रयोगशाळेत सहायकाच्या दोन जागा मंजूर होत्या. एक भरलेली होती. दुसरीवर पाच वर्षं एक मुलगी काम करत होती, आणि कागदोपत्री ती जागा रिकामी होती. तिला सगळे टेम्पररी म्हणत. ड्रायव्हरसुद्धा लांबून हाक मारत, "ओ टेम्पररी, टँकर आलाय." तीही ओ देई. दर अकरा महिन्यांनी तिला दोन दिवसांचा खंड मिळे आणि तिसऱ्या दिवशी नवा आदेश, म्हणजे तिची नोकरी सलग आहे असं कोणाला म्हणता येऊ नये.

प्रयोगशाळेच्या मुख्य बाईंचा या पद्धतीवर राग होता, पण तो त्यांनी कधी वरच्या मजल्यावर नेला नव्हता. त्यामुळे ती जागा कायमची भरणार अशी जाहिरात निघाली, तेव्हा त्यांना वाटलं, बरं झालं, आता पोरीचं मार्गी लागेल. मग कळलं की अर्जदारांत चेअरमनचा भाचाही आहे, आणि त्यांना जाहिरात कशी निघाली याचा उलगडा झाला.

बाई भांडल्या नाहीत. त्यांनी मॅनेजरला शांतपणे सांगितलं, लेखी परीक्षा बाहेरच्या संस्थेकडून घ्या आणि प्रात्यक्षिक माझ्याकडे द्या. उत्तरपत्रिकेवर नाव नको, फक्त क्रमांक. मॅनेजरला कोणीतरी वाईटपणा घेतोय याचाच आनंद झाला. मुलाखतीचे दहा गुण तेवढे संचालकांकडे राहिले. अगदी काहीच नाही ठेवलं तर मंडळ नाराज होतं, असं तो म्हणाला.

प्रात्यक्षिकासाठी बाईंनी दुधाच्या पाच बाटल्या तयार केल्या. एकीत जेमतेम कळेल इतकंच पाणी घातलं, एकीत दूध पावडर. दुधाची घनता मोजणारे लॅक्टोमीटर नवे मागवले; पाणी घातलेल्या दुधात त्यांचा आकडा उतरतो. प्रयोगशाळेतला जुना एक अंश कमी दाखवायचा. ते त्यांच्या इथे सगळ्यांना ठाऊक होतं आणि वाचलेल्या आकड्यात सगळे न बोलता एक मिळवत. बाहेरून येणाऱ्याला हे कसं कळणार? म्हणून नवे. परीक्षेआधी त्यांनी सर्वांना सांगितलंही, उपकरणं नवी आहेत, तपासलेली आहेत, दिसेल तो आकडा लिहा.

त्या रविवारी बाईंनी जेवणाच्या टेबलावर प्रात्यक्षिकाचे पेपर तपासले. नवरा समोर वर्तमानपत्र घेऊन बसला होता. एक पेपर वाचताना बाईंचा चेहरा पाहून त्याने विचारलं, काय झालं. बाईंनी तो पेपर त्याच्यापुढे सरकवला. पाचही बाटल्यांपुढे एकच उत्तर होतं: दूध उत्तम, कारण संघाचे आहे. "याला मार्केटिंगला घ्या," नवरा म्हणाला.

पुढचा पेपर फार चांगला होता. पाणी ओळखलेलं, पावडर ओळखलेली, फॅटचे आकडे नेमके. त्याच्या पुढचा अक्षरावरूनच कळला. ते वळणदार अक्षर बाई पाच वर्षं रोज वाचत होत्या. त्यातलेही फॅटचे आकडे नेमके होते. पण लॅक्टोमीटरचा प्रत्येक आकडा एकाने जास्त होता, आणि त्या एकामुळे पाणी घातलेली बाटली चांगल्या दुधात जमा झाली होती.

बाईंनी चष्मा काढून पुसला. पोरीने आकडा बरोबर वाचला होता. पाचही वेळा. मग हाताच्या सवयीने एक मिळवला होता, त्यांनीच पहिल्या आठवड्यात शिकवल्याप्रमाणे.

आकडा चुकला तर गुण जातात. बाईंनी ते कापले. लेखीचे गुण धरून क्रमांक उघडल्यावर पहिली आली ती बाहेरगावची मुलगी. टेम्पररी चार गुणांनी मागे. दूध उत्तम लिहिणारा क्रमांक भाच्याचा निघाला.

दुसऱ्या दिवशी चेअरमननी बोलावून घेतलं. भाच्याचा निकाल त्यांना मॅनेजरने सांगितला होता, आणि ते बाईंना वाटलं होतं त्यापेक्षा खूपच हलके झालेले दिसले. आता बायकोला सांगायला तोंड आहे, परीक्षाच तशी होती म्हणून, असं ते म्हणाले. त्यांनी चहा मागवला.

"आता आपल्या पोरीचं बघू," ते म्हणाले. "चारच गुण ना? मुलाखतीचे दहा आहेत की आमच्याकडे."

हेच बाईंना हवं होतं. महिनाभर त्या यासाठीच धडपडत होत्या.

"आणि पहिली आलेली?"

"तिला दुसरीकडे मिळेल. हुशार आहे म्हणता ना."

"भाच्याला मुलाखतीत दहा दिले असते तरी तो वर आला नसता," बाई म्हणाल्या. "म्हणून तो गेला. पुढच्या वेळी थोडा अभ्यास करून येईल. तेव्हा हेच दहा गुण मी कोणत्या तोंडाने अडवू?"

चेअरमननी कप खाली ठेवला. ते चिडले नव्हते. अडाण्याला समजवावं तसं ते म्हणाले, "बाई, जागा भरली की टेम्पररीचं काम संपलं. महिनाअखेर तिचा आदेश संपतोय. नवा मी काढणार नाही, काढायला जागाच उरत नाही. नीट विचार करून बोला."

बाईंनी विचार केला. चहावर साय धरेपर्यंत केला. मग म्हणाल्या, मुलाखतीला दोघी जशा बोलतील तसे गुण द्या.

दोघी सारख्याच बोलल्या, दोघींना सात सात मिळाले. यादी फळ्यावर लागली.

टेम्पररी यादी वाचून परत आली आणि फॅट मोजायच्या नळ्या धुवायला लागली. बाई शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. तिने विचारलं, कुठे चुकले. बाईंनी सांगितलं.

"मी एक मिळवला," ती म्हणाली. नळी तिच्या हातात तशीच राहिली. "पाचही ठिकाणी?"

"पाचही ठिकाणी."

"म्हणजे चूक तरी सलग केली," ती म्हणाली आणि पुन्हा धुवायला लागली. घरी सासऱ्यांनी पेढ्यांची चौकशीसुद्धा करून ठेवली आहे, असं काहीतरी पुटपुटली. चेअरमनचं बोलणं चहा नेणाऱ्या शिपायाकडून तिच्यापर्यंत पोचलेलं होतं. वर न पाहता ती म्हणाली, "तुम्ही हो म्हणाला असतात तर मी आज कायम झाले असते."

"हो."

"मला राग आलाय तुमचा."

"येणारच." बाईंनी नळ बंद केला. "आता ऐक. ती परीक्षा रिकाम्या जागेची होती. तुझी जागा रिकामी नव्हतीच. पाच वर्षं कायमचं काम टेम्पररी म्हणून करून घेणं कायद्याला चालत नाही. आदेश संपायच्या आत कामगार न्यायालयातल्या वकिलाकडे जा."

"खंड आहेत ना मधे. ते दाखवतील."

"खंडाच्या दोन्ही दिवशी तू इथेच असायचीस. टँकर थांबत नाहीत म्हणून मीच बोलवायचे."

"ते सांगणार कोण? ड्रायव्हर? त्यांना नोकऱ्या नकोशा झाल्यात?"

"मी सांगेन. साक्षीला माझं नाव दे."

पोरीने आता पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "चेअरमन तुम्हाला सुखाने बसू देतील?"

"नाही देणार. कुठल्यातरी खेड्यातल्या चिलिंग सेंटरला पाठवतील बहुतेक. पण काढायचं तर आरोपपत्र द्यावं लागेल, चौकशी लावावी लागेल. मी कायम आहे." बाईंनी धुतलेली एक नळी स्टँडमध्ये ठेवली. "इतकी वर्षं कायम असून त्याचा काही उपयोग केला नाही मी."

बाहेर ड्रायव्हरने हाक मारली. महिना संपायला अवकाश होता. टेम्पररीने हात पुसले, नमुन्याची बाटली घेतली आणि दारातूनच विचारलं, वकिलाकडे एकटीने जायचं की तुम्ही याल.

"येते," बाई म्हणाल्या. "अर्ध्या दिवसाची रजा टाकते."